राजगड उतरताना घोटा मुरगळला : बँडेज, आराम आणि परत चालणं, नक्की कधी काय?

रानजाई | सोमवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. परवा शनिवारी राजगडावरून गुंजवण्याच्या बाजूने उतरताना ओल्या दगडावरून उजवा पाय सटकला, तळवा आत वळला आणि सगळं वजन बाहेरच्या घोट्यावर आलं. कट्ट असा आवाज पण आला. थोडा वेळ तिथेच बसले, मग एका मित्राच्या खांद्याला धरून लंगडत लंगडत खाली आले, म्हणजे पाय टेकवता येत होता पण जीव जात होता. घरी पोचेपर्यंत घोट्याच्या खाली लिंबाएवढी सूज आणि आज सगळं काळंनिळं, अगदी बोटांपर्यंत उतरलंय ते.

काल फॅमिली डॉक्टरांनी बघितलं, हाड मोडलंय असं वाटत नाही म्हणाले, लिगामेंट ताणलंय, क्रेप बँडेज बांधा, गोळ्या घ्या आणि आराम करा. बस. आता आराम म्हणजे किती ते कुणी सांगेना. आई म्हणते मिठाच्या पुरचुंडीने शेक, ट्रेकचा ग्रुप म्हणतो बर्फ, शेजारचे काका म्हणतात प्लास्टर घालूनच ये. मला गुरुवारपासून ऑफिसला जायचंय, तिसरा मजला आणि लिफ्ट महिनाभर बंदच आहे. बँडेज घोट्याभोवती घट्ट गुंडाळलंय पण बोटं आणि चवडा जास्तच सुजल्यासारखा वाटतोय, हे नॉर्मल आहे का?

नाना६२ | सोमवार, सकाळी ९:५०

अहो हालचाल अजिबात करू नका. माझा पाय १९८४ साली मुरगळला होता, तीन आठवडे प्लास्टर आणि पलंगावरून खाली पाय नाही, नंतर ठणठणीत. लिगामेंट एकदा ढिलं पडलं की आयुष्यभर पाय मुरगळत राहतो. बर्फ, पट्टी, पाय वर आणि पूर्ण विश्रांती, एवढंच करायचं. आजकाल सगळ्यांना दोन दिवसांत पळायचं असतं.

सुलभा_सातारा | सोमवार, सकाळी १०:०५

आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून कोमट लेप लाव गं, सूज लगेच उतरते. आमच्याकडे एक बाई येऊन तेल लावून पाय चोळून द्यायच्या, शीर जागेवर बसली की दुसऱ्या दिवशी माणूस चालायला लागायचा.

वैजू_कोल्हापूर | सोमवार, सकाळी ११:३१

मी फिजिओ आहे, इथे कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन असला की अर्धा दिवस घोटेच बघत असते, म्हणून जरा लांब लिहिते.

रानजाई, आधी मला दोन गोष्टी सांगा. बर्फ शेक वगैरे नंतर. एक, आत्ता कशाला न धरता चार पावलं टाकता येतात का? लंगडत चाललं तरी चालेल, पण दोन्ही पायांवर वजन देऊन चार. दुसरं, एका बोटाने दाबून बघा. बाहेरच्या घोट्याचं जे हाड आहे ना त्याची मागची कड, टोकापासून वर साधारण सहा सेंटीमीटरपर्यंत, चार बोटं समजा. तसंच आतल्या घोट्याचं. मग पायाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्ये एक हाडाचा उंचवटा लागतो तो. आणि पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे कमानीच्या वरचं हाड. ह्यातल्या हाडावर दाबल्यावर कळ आली किंवा चार पावलं जमलीच नाहीत, तर एक्सरे काढायचा. दुखणं हाडावर नसून घोट्याच्या पुढच्या खालच्या मऊ खोलगट जागेत असेल तर बहुतेक वेळा लिगामेंटच असतं.

करंगळीच्या रेषेतला तो उंचवटा लोक विसरतातच. पाय आत वळतो तेव्हा तिथलं हाड पण तुटू शकतं आणि सगळे नुसता घोटा दाबत बसतात.

"कट्ट" आवाजाने घाबरू नका, तो लिगामेंटचाही येतो. आणि काळंनिळं बोटांपर्यंत उतरणं म्हणजे रक्त खाली ओघळलंय, तिथे इजा झालेली नाही.

सुलभाताई, गार लेप लावला तर माझी काही हरकत नाही, कातडी फुटलेली नसली म्हणजे झालं. चोळणं मात्र पहिले दोन-तीन दिवस नको. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फाटलेल्या असतात, त्या बंद होतायत तोवर त्यावर तेल लावून रगडलं की परत रक्त सुटतं. मिठाचा गरम शेकही त्याच कारणाने नको.

सुलभा_सातारा | सोमवार, दुपारी १२:१०

बरं बाई, मग गार लेप. पण त्या बाईंच्या हाताला गुण होता हो.

रानजाई | सोमवार, दुपारी १२:४०

वैजूताई खूप आभार. चार पावलं जमली, रडत रडत पण जमली. घोट्याच्या हाडाची मागची कड दाबली तर काही नाही, करंगळीच्या रेषेतला उंचवटा पण नाही. पुढे खाली त्या खोलगट जागेत मात्र बोट लावू देत नाही. आतल्या बाजूला काहीच नाही. मग बोटं का सुजलीत?

वैजू_कोल्हापूर | सोमवार, दुपारी २:०२

मग लगेच एक्सरेला पळायची घाई नाही. बोटं सुजण्याचं कारण तुमच्या पोस्टमध्येच आहे, "घोट्याभोवती घट्ट". मधेच आवळलं की त्याच्या पुढचं पाणी वर सरकायला वाटच राहत नाही, ते चवड्यात आणि बोटांत साठतं. बँडेज नेहमी बोटांच्या मुळापासून सुरू करायचं आणि वर जायचं, खाली जरा घट्ट आणि वर जाताना सैल.

आत्ता ते सोडा. अर्धा तास पडून राहा, पोटरीखाली दोन उशा, टाच छातीपेक्षा वर. खुर्चीत बसून स्टुलावर पाय ठेवला की लोकांना वाटतं पाय वर घेतला, पण तो हृदयाच्या खालीच असतो, तेवढ्याने सूज फार उतरत नाही.

मग बांधायचं असं. क्रेप १० सेंटीमीटर रुंदीचं, दुकानात चार इंची मागितलं की देतात. पाऊल नडगीशी काटकोनात, बोटं आपल्याकडे ओढून, लोंबतं पाऊल बांधायचं नाही. बोटांच्या मुळाशी दोन वेढे. मग तळव्याखालून आतून बाहेर न्यायचं आणि बाहेरच्या कडेने वर ओढून पावलावरून तिरकं आणायचं, घोट्यामागून फिरवायचं, परत खाली. इंग्रजी आठचा आकडा होतो. दिशा महत्त्वाची आहे कारण तुमचा पाय आत वळून दुखावलाय, बँडेजने त्याला बाहेरच्या कडेने उचलून धरायला हवं, उलट गुंडाळलं तर तेच बँडेज पाय आत ओढतं. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढला पाहिजे आणि बँडेज जितकं ताणलं जातं त्याच्या निम्मंच ताणायचं. टाच उघडी ठेवू नका, उघडी राहिली की तिथे फुगा येतो. घोट्याच्या वर वीतभर जाऊन थांबा.

आता एक गोष्ट जी सहसा कुणी करत नाही. घोट्याचं हाड बाहेर आलेलं असतं, त्यामुळे बँडेज हाडावरून तंबूसारखं ताणलं जातं आणि त्याखालच्या खड्ड्यात, जिथे खरी सूज आहे तिथे दाब पोचतच नाही. म्हणून जुन्या मोज्याची किंवा कापसाची घडी इंग्रजी यू च्या आकारात हाडाच्या खालून दोन्ही बाजूंनी बसवा, हाड मधे मोकळं, आणि त्यावरून बँडेज. माझ्याकडच्या पोरांना मी फेल्ट कापून देते, घरी मोजा चालतो.

बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं दोनेक सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. मुंग्या आल्या, बोटं गार किंवा निळी पडली, ठणका वाढला तर सोडून परत बांधा, "थोडा वेळ बघू" करू नका. रात्री झोपताना काढून ठेवा, पाय उशीवर.

पंकज_डोंगर | सोमवार, रात्री ८:२०

वैजूताईंची ती मोज्याची आयडिया भारी आहे, लिहून ठेवतो.

पण बर्फाचं काय? ज्या डॉक्टरने १९७८ मध्ये ते राइस म्हणजे रेस्ट-आइस-कॉम्प्रेशन-एलिव्हेशन हे सूत्र काढलं, त्या गेब मिर्किननेच नंतर २०१४ च्या सुमारास सांगितलं ना की बर्फ आणि पूर्ण आराम याने बरं व्हायला उशीर लागू शकतो. सूज म्हणजे शरीराचं दुरुस्तीचं काम, ती थांबवायचीच कशाला? मी तर बर्फ लावणं बंदच केलंय.

वैजू_कोल्हापूर | सोमवार, रात्री ९:१५

हो, मिर्किनने मत बदललं हे खरं. पण बर्फाने माणसाचा घोटा उशिरा बरा होतो असा ठाम पुरावा पण नाहीये, आणि लवकर बरा होतो असाही नाही. बर्फाने दुखणं कमी होतं एवढं नक्की. मी काय करते, पहिले दोन दिवस ज्याला दुखतंय त्याला देते, ओल्या फडक्यात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटं, मधे दोन तास तरी जाऊ द्यायचे. दुखणं कमी झालं म्हणून माणूस पाय हलवायला लागतो, माझ्या दृष्टीने फायदा तो. बर्फ थेट कातडीवर ठेवून झोपी गेलेला एक पैलवान बघितलाय मी, कातडी भाजल्यासारखी झाली होती.

पंकज_डोंगर | सोमवार, रात्री ९:३०

म्हणजे फिफ्टी फिफ्टी. मी नाहीच लावणार :)

नाना६२ | मंगळवार, सकाळी ७:४५

सगळं ठीक, पण पूर्ण आरामाबद्दल कुणी बोललंच नाही. डॉक्टरांनी आराम सांगितलाय.

वैजू_कोल्हापूर | मंगळवार, दुपारी १:१०

नाना, तुमच्या वेळी प्लास्टरच घालायचे, आणि आजही लिगामेंट पूर्ण फाटलं असेल, पाय टेकवताच येत नसेल तर थोडे दिवस, साधारण दहा दिवस, प्लास्टर किंवा बूट देतात, त्याचा फायदाही होतो. पण साध्या किंवा मध्यम मुरगळीला तीन आठवडे पलंग नको. सांधा आखडतो, पोटरी बारीक होते, आणि मुख्य म्हणजे पाऊल कुठे कसं वळलंय हे मेंदूला कळवणारं जे काम लिगामेंट करतं ते सुस्त पडतं. परत परत मुरगळण्याचं एक मोठं कारण हेच. नुसतं लिगामेंट ढिलं पडलं म्हणून नाही, पाय वळतोय हे वेळेवर कळलं नाही आणि नडगीच्या बाहेरचे स्नायू वेळेवर ओढले गेले नाहीत, म्हणून.

रानजाई, तुमच्यासाठी आराम म्हणजे पहिले दोन-तीन दिवस पायावर काम टाकायचं नाही. बाथरूमपर्यंत चालणं, जेवायला उठणं ठीक. किचनमध्ये तासभर उभं राहणं नाही. आणि ह्या दिवसांतही पडल्या पडल्या बँडेज सोडून पाऊल वर-खाली, वर-खाली, दर तासा-दोन तासांनी दहा-पंधरा वेळा, दुखेल त्याच्या अलीकडेच थांबायचं. पाऊल आत वळवायचं नाही अजून, जे लिगामेंट ताणलंय तेच त्याने ताणलं जातं.

टाचदुखी | मंगळवार, दुपारी ३:०५

मला पण सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाच खूप दुखते, मग चालून चालून कमी होते. मी पण हेच बँडेज बांधू का? वजन ८४ आहे.

पंकज_डोंगर | मंगळवार, दुपारी ३:४०

तुमचं वेगळं दिसतंय हो, तळव्याच्या पट्ट्याचं. मुरगळला नसेल तर क्रेपने काय होणार. वेगळा धागा काढा ना.

निनाद_मिसिसागा | मंगळवार, रात्री ११:५५

इकडे कॅनडात बर्फावर घसरलो होतो गेल्या हिवाळ्यात. सूज अगदी कमी होती म्हणून घरीच बँडेज केलं, ऑफिसला पण गेलो. पण दुखणं घोट्याच्या खाली नव्हतंच, वर होतं, नडगीच्या खालच्या टोकाला समोर. दोन आठवडे झाले तरी पाय टेकवला की वर कळ. शेवटी एमआरआय मध्ये कळलं की नडगीची दोन हाडं एकमेकांना धरून ठेवणारं लिगामेंट गेलंय, मग सहा आठवडे बूट. तेव्हा सूज कमी म्हणजे इजा कमी असं समजू नका.

वैजू_कोल्हापूर | बुधवार, सकाळी ८:५०

निनाद, बरं झालं लिहिलंत. ह्यात पाऊल सहसा बाहेर वळलेलं असतं आणि वजन वरून पिळलं जातं. घरी बघायचं तर पोटरीच्या मधोमध दोन्ही हाडं दोन बाजूंनी एकमेकांकडे दाबायची, कळ खाली घोट्याच्या वर आली तर हे असू शकतं. अशा वेळी मी सांगतेय तसलं लवकर चालणं-बिलणं नाही, ऑर्थोकडे जायचं.

शुभदा_आई | बुधवार, सकाळी ९:२०

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, शाळेच्या ग्राउंडवर परवा पाय मुरगळला, सूज आहे. वरचं सगळं त्याला पण लागू ना? पण तो दाबल्यावर हाडच दुखतं म्हणतो.

वैजू_कोल्हापूर | बुधवार, सकाळी ९:३५

शुभदाताई, हाड दुखतंय म्हणतोय ना, मग बँडेज बांधून बसू नका, आजच दाखवा. मुलांची हाडं वाढत असतात, टोकाजवळ कोवळी पट्टी असते, आणि त्यांच्यात लिगामेंटच्या आधी ती जाऊ शकते. त्याच्या बाबतीत घरबसल्या अंदाज करायचाच नाही. तसंच डायबेटिसमुळे ज्यांच्या पायाला बधिरपणा आहे त्यांनीही "दाबून दुखत नाही" ह्यावर विश्वास ठेवू नये, मोडलेलं असून दुखत नाही असे पेशंट असतात.

रानजाई | बुधवार, संध्याकाळी ६:४५

अपडेट. यू आकाराचा मोजा घालून बांधलं आणि खरंच बोटांची सूज गेली, चवडा पण बराच उतरला. पाऊल वर-खाली करतेय, काल कण्हत होते आज तेवढं नाही. आता उद्या ऑफिस. ते तीन मजले कसे चढू? आणि किती वजन द्यायचं हे कसं कळणार? कुणी म्हणतं निम्मं वजन दे, निम्मं म्हणजे काय ते कळत नाही.

वैजू_कोल्हापूर | बुधवार, रात्री ८:३०

पहिलं म्हणजे उद्या घरूनच काम जमतंय का बघा. नाहीच जमलं तर एक काठी घ्या, आजोबांची वगैरे असेल तर तीच, आणि ती डाव्या हातात धरा. दुखरा पाय उजवा म्हणून काठी डावीकडे, कारण चालताना उजवा पाय आणि डावा हात एकत्र पुढे जातात, तेव्हा वजन काठीवर वाटलं जातं. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग तिकडेच झुकून चालतात. जिना चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा आणि काठी. उतरताना आधी काठी आणि दुखरा, मग चांगला. कठडा सोडू नका. दिवसातून एकदाच चढा, जेवायला खाली-वर नको.

निम्मं वजन कळायला घरात वजनकाटा आहे का? काट्यावर दुखरा पाय आणि शेजारी तेवढ्याच उंचीच्या पाटावर चांगला पाय ठेवून उभ्या राहा, ओट्याला धरून. हळूहळू दुखऱ्या पायावर भार द्या आणि आकडा बघा. दुखणं शून्य ते दहा धरलं तर तीनच्या वर जायच्या आधी आकडा कितीवर थांबतो ते तुमचं आजचं वजन. समजा तुम्ही ५८ किलो आणि ३० ला थांबलात, तर निम्मं जमतंय, काठी हवी. तेवढाच भार चालताना द्यायचा. रोज एकदा करा. आकडा पूर्ण वजनाच्या जवळ आला, आणि टाच आधी टेकवून मग चवडा असं न लंगडता चालता आलं, की काठी सोडा. आधी नाही. लंगडत लंगडत बिनकाठीचं चालण्यापेक्षा काठीने सरळ चाललेलं बरं, पाऊल छोटं असलं तरी चालेल.

आणि रोजचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी. आज केलेलं जास्त झालं का हे आज कळत नाही, कारण अंग तापलेलं असतं. शिवणाची टेप असेल तर घोट्याभोवती आठच्या आकारात फिरवून माप घ्या, दोन्ही पायांचं, रोज सकाळी उठल्या उठल्या. कालच्यापेक्षा वाढलं किंवा पहिलं पाऊल कालच्यापेक्षा जास्त दुखलं, तर आज कालच्यापेक्षा कमी करायचं. बसून राहायचं नाही, फक्त कमी.

नाना६२ | बुधवार, रात्री ९:१०

हा वजनकाट्याचा प्रकार आवडला. पण तिसरा मजला म्हणजे अतीच होतंय, रजा घ्या सरळ.

रानजाई | शुक्रवार, रात्री १०:०५

काल गेले होते ऑफिसला. चढताना ठीक, काठीचं कौतुक झालं फार. पण मधे मीटिंगसाठी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये जावं लागलं आणि आज सकाळी टेप एक सेंटीमीटर जास्त. काट्यावर काल ३४ होतं, आज २८ लाच दुखायला लागलं. आज घरून काम केलं, पाय वर आणि तेच वर-खाली. संध्याकाळी परत ३३. हे बिघडलं म्हणायचं का?

वैजू_कोल्हापूर | शनिवार, सकाळी ७:३०

नाही, जास्त झालं एवढंच, आणि एका दिवसात परत ३३ आलं म्हणजे पाय ऐकतोय. दोन-तीन दिवस कमी करूनही आकडा वर येत नसेल, किंवा आठवडा होऊनही चार पावलं जमत नसतील तर परत डॉक्टर. पोटरी सुजून दुखायला लागली, गरम लागली तर मात्र त्याच दिवशी जायचं, पाय पडून राहिला की कधी कधी शिरेत गाठ होते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

आता ह्या आठवड्यात वाढवायचं असं. पडल्या पडल्या अंगठ्याने हवेत अ आ इ काढा, पूर्ण बाराखडी नको. टॉवेल चवड्यात अडकवून आपल्याकडे ओढा, पोटरी ताणली जाईल, अर्धा मिनिट धरून सोडा. वजन पूर्ण पेलायला लागलं की ओट्याला धरून दोन्ही टाचा वर. ते सहज जमलं की एका पायावर उभं राहणं, आधी ओट्याला बोट लावून, मग सोडून, मग डोळे मिटून. डोळे मिटून चांगल्या पायावर किती वेळ राहता येतं ते पण बघा, म्हणजे तुलना कशाशी करायची ते कळेल.

पंकज_डोंगर | शनिवार, सकाळी ११:००

गोळ्यांबद्दल विचारायचं राहिलं. माझा एक मित्र दुखणं मारून दुसऱ्याच दिवशी ट्रेकला जातो.

वैजू_कोल्हापूर | शनिवार, दुपारी १२:१५

तो मित्र माझ्याकडे येईल कधीतरी. गोळी घेऊन चाललं की तो तीनचा आकडा खोटा येतो, म्हणून वजनकाटा गोळीच्या परिणामात करू नये. कुठली गोळी हे डॉक्टरांनी सांगायचं, ॲसिडिटी, किडनी, बीपी असं काही असेल तर ब्रुफेन टाइपच्या गोळ्या आपल्या मनाने तर नकोच. लागलीच तर आधी पॅरासिटामॉल बघतात, किंवा वरून लावायचं जेल.

रानजाई | पुढच्या आठवड्यात, रविवार, संध्याकाळी ५:२०

न लंगडता चालतेय! टेप दोन्ही पायांना जवळजवळ सारखी, बाहेरच्या बाजूला जरा जाड वाटतं अजून. एका पायावर उघड्या डोळ्यांनी उभी राहते, मिटले की लगेच हेलकावा. ग्रुपचा हरिश्चंद्रगड ठरलाय पुढच्या महिन्यात. जाऊ का?

नाना६२ | रविवार, संध्याकाळी ५:४०

नका जाऊ. गड कुठे पळून जात नाही.

वैजू_कोल्हापूर | रविवार, रात्री ९:००

तारखेवरून ठरवू नका. तीन गोष्टी बघा. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, अंगठा भिंतीपासून जितका मागे नेता येतो ते अंतर दोन्ही पायांचं मोजा, दुखऱ्याचं एक-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त कमी नको. एका पायावर टाच उचलणं, चांगल्या पायाने जितक्या वेळा होतं तितक्या. आणि एका पायावर छोट्या उड्या, पुढे आणि बाजूला, न घाबरता. ह्यात काही राहिलं असेल तर डोंगर नको, सपाटीवर तासभर भरभर चालणं करा, मग पर्वतीच्या पायऱ्या, उतरताना विशेष लक्ष. उतरतानाच मुरगळतो.

आणि गेलात तरी काही महिने घोट्याचा ब्रेस घाला, लेसने बांधायचा किंवा दोन बाजूंना पट्ट्या असलेला. मोज्यासारखा नुसता इलॅस्टिकचा असतो तो पाय वळणं थांबवत नाही.

पंकज_डोंगर | रविवार, रात्री ९:२५

ब्रेसपेक्षा उंच घोट्याचे शूज घेतले तर? मला तेच पटतं. ब्रेसने पाय लाडावतो.

वैजू_कोल्हापूर | रविवार, रात्री ९:५०

उंच शूजने मुरगळणं कमी होतं की नाही ह्यावर एकमत नाही. एकदा मुरगळलेल्याला ब्रेसने मात्र फायदा होतो, आणि व्यायाम चालू असेल तर ब्रेसने स्नायू लाडावतात असं मला तरी दिसलं नाही. तुम्ही दोन्ही घाला हवं तर.

पंकज_डोंगर | रविवार, रात्री १०:०२

बघू. मी अजून शूजच्याच बाजूने आहे.

रानजाई | रविवार, रात्री १०:३०

ब्रेसची साइज शूजच्या नंबरावरून घ्यायची का?

वैजू_कोल्हापूर | सोमवार, सकाळी ८:१५

कंपनीगणिक वेगळं असतं, काहींचं शूजच्या नंबरवर, काहींचं घोट्याच्या घेरावर, डब्यावर चार्ट असतो. घेर मोजायचा तर सकाळी मोजा, आणि ब्रेस त्याच शूजमध्ये घालून बघा ज्यात ट्रेक करणार आहात, बऱ्याच वेळा शूजच लहान पडतो.